वादविवादाचे टाचण : एका प्रस्तावाच्या दोन बाजू



प्रशिक्षणवर्गात किंवा केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखाद्या धोरणावर पडद्यावर सादरीकरण दाखविले जाते, त्याच्या दहा-बारा स्लाइड शिक्षकांच्या हाती येतात, आणि पुढे त्याच विषयावर शाळेत वादविवाद ठेवला जातो. अशा वेळी स्लाइडवरील ओळी ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ अशा दोन रकान्यांत उतरवून काढल्या म्हणजे टाचण झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. सादरीकरण बोलणाऱ्याच्या आधारासाठी असते. त्यातील ओळी तुटक असतात, दोन ओळींमधला दुवा बोलणारा तोंडी सांगतो, आणि सारा ओघ शेवटच्या स्लाइडवरील शिफारशीकडे वळविलेला असतो. टाचण घेऊन उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याजवळ तो बोलणारा नसतो. त्याला तुटलेला दुवा टाचणातच मिळाला पाहिजे. आणि ज्या बाजूकडे ओघ वळविलेला नाही, ती बाजूही तितक्याच बळाने मिळाली पाहिजे.

हे काम कसे करावयाचे, ते शिक्षकांच्या रोजच्या परिचयाच्या एका विषयावरून पाहता येईल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १६ अन्वये प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणाही बालकास त्याच इयत्तेत मागे ठेवण्यास मनाई झाली. २०१९ मध्ये हे कलम बदलले. पाचवीच्या व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घ्यावी, अनुत्तीर्ण झालेल्यास पूरक मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी, आणि तीतही तो अनुत्तीर्ण झाल्यास त्याला मागे ठेवण्याची मुभा राज्य शासनाने शाळांना द्यावी किंवा न द्यावी, अशी व्यवस्था झाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या नियमांत बदल करून ही मुभा स्वीकारली.

समजा, या विषयावरील बारा स्लाइडचे एक सादरीकरण हाती आले आहे. त्याच्या चौथ्या स्लाइडवर अशा ओळी आहेत : ‘२०१० – परीक्षेची भीती गेली. पाचवीतील निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. उत्तरदायित्व आवश्यक.’ नवव्या स्लाइडवर ‘आक्षेप’ या मथळ्याखाली एवढेच आहे : ‘मुले शाळा सोडतील – अमेरिकेतील अभ्यास.’ बाराव्या स्लाइडवर मागे ठेवण्याची तरतूद योग्य असल्याची शिफारस आहे.

पहिले काम प्रस्ताव निश्चित करण्याचे. शेवटच्या स्लाइडवरील शिफारस जशीच्या तशी प्रस्ताव म्हणून घेऊ नये. ‘गुणवत्तेसाठी उत्तरदायित्व हवे’ या वाक्याला विरोध करण्यास कोणीच उभा राहणार नाही. म्हणून तो प्रस्ताव नव्हे. प्रस्तावात कोणी, काय, कोणाच्या बाबतीत आणि कोणत्या मर्यादेत करावे, हे सर्व आले पाहिजे. येथे तो असा होईल : ‘पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या पाचवीच्या विद्यार्थ्यास त्याच इयत्तेत ठेवण्याची तरतूद राज्याने कायम ठेवावी.’ ‘पाचवीच्या’ या शब्दाने आठवीचा प्रश्न वेगळा झाला. ‘पुनर्परीक्षेतही’ या शब्दाने एका परीक्षेतच मुलाचे वर्ष जाते, हा आक्षेप गळून पडला. ‘कायम ठेवावी’ या शब्दांनी आज काय चालू आहे ते स्पष्ट झाले. शब्दही कोणत्याच बाजूला झुकणारे नसावेत. ‘नापास मुलगा’ असे लिहिले की निवाडा आधीच झाला. ज्या वर्गात हा वाद होईल, तेथे मागे राहिलेला एखादा विद्यार्थी बसलेला असणे शक्य आहे, हेही विसरता कामा नये.

दुसरे काम स्लाइडवरील ओळी वेगळ्या करण्याचे. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने ‘तथ्य’, ‘अनुमान’ अथवा ‘मूल्य’ असे लिहावे. चौथ्या स्लाइडवर या तिन्ही गोष्टी एकाखाली एक येऊन एकाच साखळीसारख्या दिसतात. वाचता न येणाऱ्या मुलांविषयीची ओळ तथ्य आहे. ‘परीक्षेची भीती गेली’ हे अनुमान आहे; कारण मूळ कलमाने मागे ठेवण्यास मनाई केली होती, मूल्यमापनास नव्हे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन त्याच अधिनियमात सांगितलेले होते. ‘उत्तरदायित्व आवश्यक’ हे मूल्य आहे. तथ्याची पडताळणी करावी, अनुमानाचा दुवा तपासावा आणि मूल्य त्या त्या बाजूने उघडपणे मांडावे.

आता तथ्याच्या पडताळणीकडे वळू या. निम्म्या मुलांची ती ओळ ‘असर’ या सर्वेक्षणातून आलेली आहे. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या या सर्वेक्षणात ग्रामीण भागातील घरोघरी जाऊन मुलांकडून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतली जाते. आकडा खोटा नाही. परंतु तो एकटा आहे, आणि एकटा आकडा कोणत्याही बाजूचा नसतो. अधिनियम लागू होण्यापूर्वीच्या, म्हणजे २००९ च्या सर्वेक्षणातही ग्रामीण भारतातील पाचवीची निम्म्याहून थोडीच अधिक मुले ती गोष्ट वाचू शकत होती. २०१२ मध्ये हे प्रमाण निम्म्याच्या थोडे खाली गेले. म्हणून ‘२०१० पूर्वी सर्व ठीक होते’ असे अनुकूल वक्त्याला म्हणता येणार नाही. आणि ‘काहीच बदलले नाही’ असे प्रतिकूल वक्त्यालाही म्हणता येणार नाही. शिवाय घसरण धोरणानंतर आली म्हणून ती धोरणामुळेच आली, असे ठरत नाही. त्याच काळात पुष्कळ मुले शासकीय शाळांतून खाजगी शाळांत जात होती आणि मूल्यमापनाची पद्धतही बदलत होती. टाचणात हा आकडा दोन्ही रकान्यांत यावा, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची मर्यादा सोबत लिहावी.

प्रतिकूल बाजूच्या त्या एका ओळीलाही हाच न्याय लावावा. तिच्यावर दया करून ती तशीच स्वीकारणे म्हणजे त्या बाजूच्या विद्यार्थ्याला फसविणे होय. अमेरिकेतील शिकागो शहरात १९९६ पासून तिसरी, सहावी व आठवीत ठरावीक गुण न मिळविणाऱ्यांना उन्हाळी वर्ग व पुनर्परीक्षा, आणि त्यानंतर त्याच इयत्तेत ठेवणे, अशी पद्धत सुरू झाली. ब्रायन जेकब व लार्स लेफग्रेन या अर्थशास्त्रज्ञांनी ठरावीक गुणांच्या किंचित खाली राहिलेल्या आणि किंचित वर गेलेल्या मुलांची तुलना केली. ही मुले जवळजवळ सारखीच असल्याने पुढे पडलेला फरक पद्धतीमुळे पडला, असे म्हणण्यास चांगला आधार मिळतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार आठवीत मागे ठेवलेल्यांमध्ये शाळा सोडण्याचे प्रमाण वाढले. सहावीत मागे ठेवलेल्यांमध्ये असा परिणाम विशेष दिसला नाही. म्हणजे, जो पुरावा आठवीच्या प्रस्तावावर प्रतिकूल बाजूला बळ देतो, तोच पाचवीच्या प्रस्तावावर तितका उपयोगी पडत नाही. प्रस्तावात ‘पाचवीच्या’ हा शब्द घातला नसता तर हा भेद कोणाच्या ध्यानातही आला नसता.

मग पाचवीच्या बाबतीत प्रतिकूल बाजूने काय म्हणावे? तिचा खरा मुद्दा स्लाइडवर नाहीच; तो अधिनियमाच्या मजकुरातून काढावा लागतो. दोन महिन्यांचे पूरक मार्गदर्शन ज्याला पुरले नाही, त्याला तोच वर्ग, तीच पुस्तके आणि बहुधा त्याच रीतीचे अध्यापन आणखी एक वर्ष दिल्याने काय साधणार, हा तो मुद्दा होय. ज्याला दुसरीचे वाचन येत नाही, त्याची उणीव दुसरी-तिसरीतच राहिलेली आहे. पाचवीची पुनरावृत्ती तेथपर्यंत पोचत नाही. यावर अनुकूल बाजूचे उत्तर असे की, परीक्षा व तिचा परिणाम असल्यामुळेच ती उणीव उघडकीस येते आणि पूरक मार्गदर्शन देणे शाळेला टाळता येत नाही. सहावीत ढकलल्यास ती झाकली जाते. येथे दोन्ही बाजू एकमेकींना खऱ्या अर्थाने भेटतात. एक म्हणते, उणीव पुनरावृत्तीने भरत नाही. दुसरी म्हणते, परिणामावाचून ती दिसतच नाही. टाचणातील प्रत्येक मुद्द्यासमोर दुसऱ्या बाजूचा असा एक भिडणारा मुद्दा असला पाहिजे. ज्याला समोरून उत्तरच येत नाही, तो मुद्दा बहुधा प्रस्तावाबाहेरचा असतो.

प्रत्येक मुद्दा लिहिताना चार ओळी पुरतात. पहिल्या ओळीत विधान पूर्ण वाक्यात. दुसरीत ते का खरे मानावे, याचे कारण. हाच स्लाइडवर गळालेला दुवा. तिसरीत आधार, त्याचे वर्ष व स्लाइडचा क्रमांक. चौथीत त्या आधाराची मर्यादा. शिकागोचा आधार घेतला तर चौथ्या ओळीत लिहावे : ‘परदेशातील एका शहराचा अनुभव, तेथील शाळा व कुटुंबे आपल्याकडील खेड्यांहून वेगळी.’ ही ओळ गाळण्याचा मोह होतो. परंतु प्रतिपक्ष ती उच्चारणारच, आणि ती आधी माहीत असलेला विद्यार्थी गोंधळत नाही. प्रत्येक बाजूला असे तीन मुद्दे पुरेत. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला चार मिनिटांत याहून अधिक नीट सांगता येत नाहीत.

टाचण पुरे झाल्यावर दोन कसोट्या लावाव्यात. दोन्ही रकान्यांचे मथळे कागदाने झाकून ते एखाद्या सहकाऱ्याला वाचावयास द्यावे आणि लिहिणाऱ्याचे मत कोणते, असे विचारावे. त्याने ते चटकन ओळखले, तर एक बाजू दुबळी राहिली आहे, असे समजावे. बहुधा एका रकान्यात आधार व वर्षे दिसतील आणि दुसऱ्यात नुसती कळकळ. दुसरी कसोटी अशी : टाचणातील प्रत्येक आधारासमोर स्लाइडचा क्रमांक अथवा मूळ अधिनियमाचे कलम आहे की नाही, ते पाहावे. जेथे नाही, तेथे ती ओळ लिहिणाऱ्याच्या समजुतीतून आलेली असते. ती खोडावी किंवा तिचा आधार शोधावा.

यानंतरच विद्यार्थ्यांच्या हाती टाचण द्यावे. बाजू चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, आणि चिठ्ठ्या काढण्यापूर्वी प्रत्येकाने दोन्ही रकाने वाचलेले असावेत.