आठवण विकली तर?

आज आपण विज्ञानकथा खरी कशी वाटवायची ते बघू.

कथेत अशक्य गोष्ट एकच घ्यायची आणि बाकी सगळं रोजच्यासारखं ठेवायचं. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने हेच केलं. त्याच्या १८९७ सालच्या कादंबरीतला माणूस अदृश्य होतो, पण त्याचे कपडे दिसतच राहतात. म्हणून लपायचं तर त्याला कडाक्याच्या थंडीत उघडं फिरावं लागतं. ही अडचण वाचली की आपला विश्वास बसतो.

आता आपण धरून चालू की आठवणी विकता येतात. पहिला प्रश्न असा, की विकल्यावर ती आपल्याकडे उरते का? उरत असेल तर तीच आठवण दहा जणांना विकता येईल, मग तिला भाव कुठून येणार? म्हणून आपला नियम असा, की विकली की आपल्याकडून गेली आणि घेणाऱ्याच्या डोक्यात बसली.

याला थोडा विज्ञानाचा टेकूही आहे. आठवण मनात जागी केली की काही वेळ ती कच्ची होऊ शकते आणि मेंदूला ती पुन्हा पक्की करावी लागते, असं संशोधनात दिसलं आहे. तेव्हा आपलं यंत्र आठवण त्याच वेळी उचलेल. दुसरं म्हणजे, घडलेला प्रसंग आणि हाताचं कसब मेंदू वेगवेगळं जपतो.

आता सखूची गोष्ट घेऊ. मुलीच्या फीसाठी ती एक आठवण विकते. आईने तिला पुरणपोळी शिकवली, तो दिवस. होळीला सखूची पोळी तशीच लुसलुशीत होते. मुलगी विचारते, "आई, तुला हे कुणी शिकवलं गं?" सखू लाटणं हातात धरून गप्प उभी राहते.

इथे थांबू नका. गावात आणखी काय होईल ते विचारा. बांधाचा दगड कुठे होता हे एका म्हातारीलाच आठवतं. भाऊकीतल्या एकाने ती आठवण विकत घेतली तर? साक्षीदारच संपला. पण आपल्या नियमाप्रमाणे आता खरं त्याच्याच डोक्यात आहे. रोज रात्री तो दगड त्याला दिसतो. मग कोर्ट साक्षीआधी विचारेल, "काही विकलंय का?" आणि बचत गटात? कर्ज घेतल्याची आठवण कुणी विकली, तरी वहीतला अंगठा आणि बाकीच्या बायका आहेतच. म्हणजे या गावात वहीची किंमत वाढेल.

कथा कुठे बिघडली ते ओळखणं सोपं आहे. शेवटी सखूला सोडवायला आठवण आपोआप परत आली, तर आपणच आपला नियम मोडला. ती परत हवी असेल, तर घेणाऱ्याने ती परत विकायला हवी. तो किती मागेल, आणि सखू त्यासाठी दुसरी कुठली आठवण देईल? कथा तिथून पुढे न्या.