खोलीची स्तब्धता

हैदराबादच्या सुलतान बाजाराजवळ, जेथे मराठी कुटुंबांची वस्ती फार जुनी आहे, एखाद्या गल्लीतील घराचा दिवाणखाना डोळ्यांपुढे आणावा. चित्रपटातील प्रसंग अगदी लहान आहे. मुलगा दारातून आत येतो आणि म्हणतो, "बाबा, माझं तिकीट निघालं." वडील काही बोलत नाहीत. मग हळूच विचारतात, "कधीचं?" एवढेच. परंतु या दोन वाक्यांच्या मधली जी स्तब्धता, तिच्यावर सारा प्रसंग उभा आहे.

चित्रण करताना वडिलांची भूमिका करणारा नट दोनच सेकंद थांबला. संकलनाच्या टेबलावर दिग्दर्शकाला ती स्तब्धता पाच सेकंदांची हवीशी वाटली. चित्राची अडचण नाही. वडिलांचा चेहरा दुसऱ्या एका टेकमधून घेता येतो. परंतु त्या टेकमध्ये नेमकी त्याच वेळी दिग्दर्शकाने सूचना दिली होती; म्हणून तेथील आवाज काढून टाकावा लागतो. त्या जागी काहीच ठेवले नाही, तर काय होते? मुलाचे वाक्य संपताच सारा पडदा जणू बहिरा होतो. प्रेक्षकाला वडिलांचे मौन ऐकू येत नाही. यंत्र बंद पडल्याचा भास होतो.

याचे कारण असे की, कोणतीही राहती खोली खरोखर निःशब्द नसते. गल्लीतील रिक्षांची दूरची घरघर, शेजारच्या घरातील फ्रीजची गुणगुण, खिडकीवाटे येणारी हवा आणि खुद्द माईकची व ध्वनिमुद्रण यंत्राची मंद सरसर, या सर्वांचा मिळून एक सलग थर प्रत्येक शब्दाखाली पसरलेला असतो. कान त्याला इतका सरावतो की तो ऐकू येत आहे याची जाणीवही राहत नाही. जाणीव होते ती तो एकाएकी थांबला म्हणजे. या थरालाच ध्वनिमुद्रक 'रूम टोन' म्हणतात.

तो मिळवण्याची रीत सोपी आहे. पाळली मात्र क्वचितच जाते. त्या जागेवरचे चित्रण संपले की ध्वनिमुद्रक सर्वांना जागच्या जागी स्तब्ध उभे राहावयास सांगतो आणि अर्धे ते एक मिनिट केवळ खोली मुद्रित करतो. माईक तोच, त्याची जागा तीच, यंत्राची पातळीही तीच ठेवावयाची. माणसांनी बाहेर जावयाचे नाही, कारण माणसांचे कपडे व शरीरे आवाज शोषून घेतात आणि रिकामी खोली निराळीच घुमते. हैदराबादच्या एप्रिलमध्ये ही कसोटीच असते. संवादांसाठी पंखा बंद ठेवलेला असतो, घामाघूम झालेली मंडळी शेवटचा शॉट होताच प्रथम पंख्याच्या बटणाकडे धावतात, आणि पंख्याच्या भरभरीसह मुद्रित झालेला रूम टोन पुढे काहीच उपयोगाचा उरत नाही.

आता आपल्या पाच सेकंदांकडे यावे. मुद्रित केलेल्या मिनिटातून संकलक सात-आठ सेकंदांचा असा तुकडा निवडतो, ज्यात हॉर्न नाही, पक्षी नाही, कोणाचा खोकला नाही. तो रिकाम्या जागेत बसवताना त्याची दोन्ही टोके मुलाच्या वाक्याच्या शेवटाखाली आणि वडिलांच्या वाक्याच्या आरंभाखाली थोडी सरकवली जातात. तेथे एक आवाज उतरत जातो आणि दुसरा चढत जातो. यास 'क्रॉसफेड' म्हणतात. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी असतात. दोन आवाज सारखे असतील तर दोन-तीन चौकटींचा क्रॉसफेड पुरतो. भिन्न असतील तर अर्धा सेकंदही लागतो. टोकाला टोक नुसते भिडवले, तर सांध्यावर पुष्कळदा बारीकशी टिचकी ऐकू येते, कारण ध्वनीची लहर मध्येच तुटलेली असते.

जागा लांब असेल आणि तुकडा लहान, तर तोच पुन्हा पुन्हा जोडण्याचा मोह होतो. येथे जपावे लागते. तुकड्यात एखादी चिमणी जरी असली, तरी ती दर चार सेकंदांनी चिवचिवते हे प्रेक्षक तिसऱ्या वेळी ओळखतो आणि मग वडिलांकडे त्याचे लक्ष राहत नाही.

याहून कठीण प्रश्न निराळाच असतो. मुलाचे शॉट सकाळी आठला घेतले आणि वडिलांचे अकराला. तोपर्यंत बाजार भरलेला. आता प्रत्येक कटबरोबर रहदारी वाढते आणि कमी होते. नवशिका अशा वेळी गोंगाटाचा शॉट साफ करू पाहतो, आणि फार साफ केले की माणसाचा आवाज नळीतून आल्यासारखा होतो. अनुभवी संकलक उलट करतो. मुलाच्या शांत शॉटखाली तो अकरा वाजताचा रूम टोन घालतो, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच गजबजलेल्या होतात. गोंगाट काढणे अवघड, घालणे सोपे. त्यावर सबंध प्रसंगभर गल्लीच्या दूरच्या आवाजाचा एक अखंड पट्टा टाकला, की उरलेसुरले सांधे झाकले जातात. मात्र एखाद्या शब्दावरूनच रिक्षा गेली असेल, तर रूम टोनने ते भागत नाही. दुसऱ्या टेकमधील तोच शब्द शोधावा लागतो किंवा नटाकडून तो पुन्हा वदवून घ्यावा लागतो.

पुन्हा वदवण्याचा, म्हणजे डबिंगचा, विषय हैदराबादमध्ये टाळताच येत नाही. २०१५ सालचा 'बाहुबली' रामोजी फिल्म सिटीत मुख्यतः तेलुगू व तमिळमध्ये तयार झाला आणि हिंदी व मल्याळममध्ये डब होऊन देशभर गेला. भाषा बदलताना मूळ संवाद काढले की त्यांच्याबरोबर खोलीही निघून जाते. बशीवर टेकलेला कप, बांगडीची किणकिण, जोड्यांची करकर, सारेच जाते. म्हणून संवादांवाचून बाकी सर्व ध्वनी असलेला एक स्वतंत्र पट्टा बनवावा लागतो. त्यातील पावले, वस्त्रांची सळसळ आणि हाताळलेल्या वस्तूंचे आवाज कलाकार पडद्याकडे पाहत स्टुडिओत नव्याने करतात. या कामाला 'फोली' म्हणतात. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतील जॅक फोली (१८९१–१९६७) याच्यावरून हे नाव रूढ झाले. या पट्ट्यात कसूर झाली की डब केलेली माणसे काचेमागे उभी राहून बोलल्यासारखी वाटतात.

फोलीतही अतिरेकाचा धोका आहे. पडद्यावर वडील खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसलेले आणि त्यांच्या कपाचा आवाज मात्र कानाशी वाजल्यासारखा, असे झाले की लबाडी उघडी पडते. दूरचा आवाज केवळ हळू करून भागत नाही. त्याची धार कमी करून त्याला थोडा खोलीचा घुमारा द्यावा लागतो.

हे सर्व साधले की नाही, हे पाहण्यासाठी संकलक हेडफोन लावतो, आवाज नेहमीपेक्षा मोठा करतो आणि डोळे मिटून प्रसंग ऐकतो. कट कोठे आहे हे कानांनी सांगता आले, तर त्या सांध्याकडे पुन्हा जावे लागते. मग नेहमीच्या पातळीवर, स्पीकरवर, एकदा ऐकावयाचे.

आपल्या प्रसंगात पाच सेकंद आता भरले आहेत, पण ते अद्याप सपाट आहेत. तिसऱ्या सेकंदाच्या सुमारास संकलक खाली गल्लीतून जाणाऱ्या सायकलची एक घंटी ठेवून पाहतो. ती फार जवळची वाटते. तो तिची पातळी उतरवतो, धार काढतो, अर्धा सेकंद पुढे सरकवतो. घंटी दूर जाते, आणि तिच्यामागून वडील विचारतात, "कधीचं?"