नोकरी गेली तर पहिला महिना

साखर कारखान्याचा हंगाम संपणार, हे हंगामी कामगाराला आधीच ठाऊक असते. बारामतीच्या किंवा इंदापूरजवळ लोणी देवकरच्या एम.आय.डी.सी.त तसे नसते. सकाळी माणूस डबा घेऊन जातो, आणि दुपारी त्याला सांगतात, "उद्यापासून येऊ नका."

अशा वेळी कधीकधी एक कागद पुढे येतो. त्यावर लिहिलेले असते, "मी माझ्या खुशीने राजीनामा देत आहे." आता आपल्याला वाचता येते. कागद सावकाश वाचावा. खुशी नसेल तर सही करू नये. "घरी वाचून उद्या सांगतो," म्हणावे.

त्या एका ओळीने काय जाते? समजा, एका कामगाराची चार वर्षे पुरी झाली आहेत. पगार १८,००० रुपये. मालकाने त्याला कामावरून कमी केले, तर आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, नाहीतर महिन्याचा पगार. शिवाय पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. १९४७ च्या कायद्यात हे होते, नव्या कायद्यातही आहे. पंधरा दिवसांचे ९,००० धरले, तर चार वर्षांचे ३६,००० आणि नोटिशीचे १८,०००. झाले ५४,०००. राजीनामा दिला की हे पैसे मागणे फार अवघड होते. काम केलेल्या दिवसांचा पगार मात्र कसेही झाले तरी मिळालाच पाहिजे. ठेकेदाराने तो बुडवला, तर मूळ कंपनीने द्यायचा असतो.

एक वर्षही पुरे झाले नसेल, तर ही भरपाई मिळत नाही. पाच वर्षे झाली असतील, तर ग्रॅच्युइटी वेगळी मिळते. पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र, बँकेचे पासबुक एका पिशवीत ठेवावे. पैसे दिले नाहीत तर तेच पुरावे घेऊन पुण्याच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा, आणि पोच घ्यावी.

आता घरचे. काहीजण लाजेने घरी बोलत नाहीत. रोज डबा घेऊन निघतात आणि एस.टी. स्टँडवर बसून राहतात. मग कारभारणीला ही गोष्ट शेजारणीकडून कळते. नोकरी गेल्यापेक्षा ते तिला जास्त लागते. म्हणून त्याच संध्याकाळी सांगावे. झोप उडते, चिडचिड होते, हे होणारच. पण दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, किंवा जगणे नको असे मनात येते, तर थांबू नये. १४४१६ या सरकारी नंबरावर फुकट बोलता येते, मराठीतही.

दोघांनी बसून वहीत खर्च लिहावा. किराणा, दूध, शाळा, वीज यांचे १२,००० आणि गाडीचा हप्ता ३,००० धरला, तर ५४,००० रुपये साडेतीन महिने पुरतात. पण ते हाती यायला वेळ लागतो. म्हणून हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी. हप्ता थकल्यावर गेलो, तर साहेबाचा सूर वेगळा असतो.