तेजाब पाण्यात का बनवत नाहीत?

(विज्ञान मंडळापुढे दिलेले व्याख्यान)



आपल्या घरांतून ॲसिडला ‘तेजाब’ म्हणतात. शब्द फारसी आहे. तेज म्हणजे तीव्र आणि आब म्हणजे पाणी. नावात पाणी आहे खरे, पण तेजाबांतले सर्वांत मोठे जे गंधकाम्ल, ते कारखान्यात बनवताना त्याचा वायू कधीही थेट पाण्यात सोडत नाहीत. असे का, हेच आज आपण पाहू.

गंधक कोरड्या हवेत जाळले की सल्फर डायऑक्साइड हा वायू मिळतो. हे काम सोपे आहे. अवघड आहे ती पुढची पायरी, म्हणजे त्याला ऑक्सिजनचा आणखी एक अणू जोडणे:

2SO₂ + O₂ ⇌ 2SO₃

ही क्रिया उष्णता बाहेर टाकते आणि उलटही फिरते. तापमान वाढवले तर तयार झालेला ट्रायऑक्साइड पुन्हा फुटू लागतो. कमी केले तर क्रिया इतकी मंदावते की हाती काहीच लागत नाही. या पेचातून उत्प्रेरक वाट काढतो. तो समतोल बदलत नाही, फक्त तेथवर लवकर पोहोचवतो.

इ. स. १८३१ मध्ये ब्रिस्टॉल येथील पेरेग्रिन फिलिप्स या व्हिनेगारच्या व्यापाऱ्याने यासाठी प्लॅटिनम वापरून पेटंट घेतले. प्लॅटिनम काम उत्तम करते, परंतु ते महाग आहे, आणि वायूत थोडे जरी आर्सेनिक आले तरी ते निकामी होते. म्हणून आज व्हॅनेडियम पेंटॉक्साइड वापरतात. त्यात पोटॅशियमचे क्षार मिसळून ते सिलिकाच्या सच्छिद्र गोळ्यांवर बसवलेले असते. ते स्वस्त आहे आणि अशा विषांना सहसा दाद देत नाही. मात्र सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या खाली ते सुस्त होते. म्हणून वायू सुमारे ४२० अंशांवर पहिल्या थरात सोडतात. क्रियेच्या उष्णतेने तो ६०० अंशांच्या आसपास तापतो आणि काम अर्धवट थांबते. मग त्याला थंड करून दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या थरात पाठवतात.

आता ट्रायऑक्साइड तयार झाला. कागदावर त्यात पाणी घातले की गंधकाम्ल मिळते:

SO₃ + H₂O → H₂SO₄

मग पाण्याचा फवाराच का मारू नये? कारण पाण्याच्या पृष्ठभागावर नेहमी वाफ असते. ट्रायऑक्साइड पाण्यात शिरण्याआधीच त्या वाफेला वरच्यावर गाठतो आणि आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब होतात. हे धुके पुढे कितीही पाणी मारले तरी नीट धुतले जात नाही. ते धुराड्यातून बाहेर पडते आणि आसपासच्या माणसांच्या छातीत जाते.

सुमारे ९८ टक्के आम्लाची गोष्ट वेगळी आहे. त्यातले थोडे पाणी आम्लाने इतके घट्ट धरलेले असते की वर वाफ जवळजवळ नसते. त्यामुळे ट्रायऑक्साइड सरळ द्रवात मुरतो. ते फिके झाले तर पाण्याची वाफ वाढून धुके होते. १०० टक्क्यांकडे गेले तर ट्रायऑक्साइडच मुरेनासा होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, मनोऱ्यात ९८ टक्क्यांचे १००० किलो आम्ल वरून सोडले. त्यात २० किलो पाणी आहे. त्याने सुमारे २१ किलो ट्रायऑक्साइड शोषला की त्यातले ४.७ किलो पाणी खर्ची पडते आणि आम्ल ९८.५ टक्के होते. खालच्या टाकीत ५.२ किलो पाणी मिसळले की ते पुन्हा ९८ वर येते. आता वजन झाले १०२६ किलो. वरचे २६ किलो माल म्हणून काढायचे आणि उरलेले १००० किलो थंड करून पुन्हा मनोऱ्यावर चढवायचे. म्हणजे पाणी लागतेच, पण ते वायूला थेट भेटत नाही, आम्लाच्या हातून भेटते.

टाकीतले हे पाणी मिसळणे आम्लाच्या मोठ्या वाहत्या प्रवाहात, मोजूनमापून होते. विद्यार्थ्यांनी त्याचे अनुकरण करू नये. प्रयोगशाळेत आम्लच पाण्यात, थोडेथोडे आणि ढवळत घालावे. उलट केले तर पाणी उकळून आम्ल अंगावर उडते.

कारखान्यात या चुकीची खूण धुराड्यावर दिसते. तेथे दाट पांढरा धूर रेंगाळू लागला की जाणता कामगार प्रथम मनोऱ्यातल्या आम्लाची तीव्रता तपासतो. ती फिकी झाली असो वा फार चढली असो, धूर दोन्ही वेळा पांढराच असतो. म्हणून डोळ्यांनी ओळखायचे आणि मोजून ठरवायचे. नुसता धूर पाहून पाणी वाढवले आणि आम्ल मुळात फिकेच असले, तर धूर कमी न होता आणखी वाढेल.