गुडघ्यांतील चमचाभर पाणी



यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत कापूस पिकतो, आणि त्याचें निंदण बहुधा बायकाच करतात. खुरपें घेऊन दिवसच्या दिवस उकिडवें बसावें लागतें. गुडघा दुखूं लागला कीं मजुरी बुडते. अशीच एक तिशीची बाई सासूबरोबर माझ्याकडे आली. दोन आठवड्यांपूर्वीं बांधावर पाय मुरगळून ती पडली होती. तेव्हांपासून तिला पुरतें उकिडवें बसतां येईना. "बाहेरून तं कांहीच दिसत नाही, डॉक्टरसाहेब," सासूबाई म्हणाल्या. सुनेनें आळस मांडला आहे, अशी शंका त्या स्वरांत स्पष्ट होती.

तिचा गुडघा पाहण्यापूर्वीं त्याची रचना समजून घेऊं. मांडीचें व नडगीचें हाड जेथें भेटतें, तेथें सभोंवार एक चिवट पिशवी असते. तिला संधिकोश म्हणतात. तिचें अस्तर अत्यंत पातळ असून त्यांतून तेलासारखा बुळबुळीत रस पाझरतो. निरोगी गुडघ्यांत तो चमचाभरही भरत नाहीं. ही पिशवी घट्ट ताणलेली नसते. तिचा वरचा कप्पा गुडघ्याच्या वाटीच्या वर सुमारें चार बोटें मांडीच्या स्नायूखालीं जातो, आणि वाटीच्या दोहों बाजूंना तिच्या सैल घड्या असतात. पाय सरळ ठेवला असतां वाटीच्या कडेला जी खळगी दिसते, तिच्याखालीं हीच घडी असते. सांध्यांत पाणी वाढलें कीं तें प्रथम या मोकळ्या जागांत शिरतें.

याखेरीज कातडी, स्नायू व हाडें एकमेकांवर घासूं नयेत म्हणून गुडघ्याभोंवतीं लहान लहान पिशव्या असतात. त्यांना बर्सा म्हणतात. वाटीच्या पुढची बर्सा सांध्याला जोडलेली नसते. गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्यांच्या वाटीवर जो मऊ फुगवटा येतो, तो या बर्सेचा. त्यांत सांध्याचा दोष नसतो. मागची एक बर्सा मात्र पुष्कळ प्रौढांत सांध्याशीं जोडलेली असते, म्हणून सांध्यांतलें पाणी कधीं कधीं लवणींत गाठीच्या रूपानें उतरतें. सारांश, फुगवटा वाटीच्या पुढें आहे कीं तिच्या कडांना, हें प्रथम पाहावें.

आतां परीक्षा. बाईस उताणें निजवून पाय सरळ व सैल ठेवावयास सांगितलें आणि उजेड बाजूनें पडेल असें केलें. मग वाटीच्या आंतल्या कडेला, म्हणजे दुसऱ्या पायाकडील बाजूस, तळहात टेकवून मांडीच्या दिशेनें दोन-तीन वेळां हलकेच निपटलें. त्यानें तेथील पाणी वरच्या कप्प्यांत गेलें व खळगी रिकामी झाली. नंतर हात बाहेरच्या बाजूस नेऊन वरून खालीं एकदांच ओढला, आणि दृष्टि आंतल्या खळगीवर ठेवली. क्षणभरानें तेथें एक लहानशी लाट उमटली, आणि खळगी भरून आली. दुसऱ्या गुडघ्यांत अशी लाट आली नाहीं. चार ते आठ मिलिलिटर पाणीही या युक्तीनें कळून येतें. वाटी दाबून ती खालच्या हाडावर आपटते कीं काय हें पाहण्याची दुसरी रीत आहे. पण तिला याहून पुष्कळ अधिक पाणी लागतें.

या परीक्षेला मर्यादाही आहेत. पाणी फार झालें तर खळगी रिकामीच होत नाहीं आणि लाट दिसत नाहीं. म्हणजे सर्वांत सुजलेला गुडघाच नवख्याला फसवितो. तेथें वाटी दाबून पाहण्याची रीत उपयोगीं पडते. चरबी किंवा जाड झालेलें अस्तर हातास कणकेसारखें लागतें, पण त्यांत लाट नसते. आणि लाट केवळ पाणी आहे एवढेंच सांगते. तें कशाचें, हें सांगत नाहीं. त्यासाठीं हकीकत विचारावी लागते. इजेनंतर एक-दोन तासांतच गुडघा फुगला, तर आंत बहुधा रक्त असतें. गुडघा तापलेला, हलवितांच असह्य कळ, आणि अंगांत ताप असेल, तर पू झाल्याचा संशय धरून त्याच दिवशीं रुग्णालयांत सुईनें पाणी काढून तपासावें. चोळणें, शेकणें यांत दिवस घालवूं नयेत, कारण पू सांध्याची कूर्चा थोड्याच दिवसांत नासवितो.

आमच्या बाईला ताप नव्हता. सूज दुसऱ्या दिवशीं आली होती आणि मग बरीचशी ओसरली होती. मुरगळणें, सावकाश आलेली सूज, व पुरें वाकतां न येणें या तिन्हींवरून हाडांमधील चंद्रकोरीसारखी कूर्चा फाटली असावी असें वाटलें; पुढील तपासणींत तेंच निघालें. पण त्याआधीं मीं सासूबाईंना जवळ बोलावून ती लाट पुन्हां दाखविली होती. त्यांनीं दोन्ही गुडघे न्याहाळून पाहिले, सुनेच्या पायावरचें लुगडें नीट केलें, आणि विचारलें, "मग हिला बसायचं काम किती दिवस नको द्यायचं?"