पत्र्याचे छप्पर : आधी गंज, मग पांढरा लेप

चंद्रपूर शहराच्या कडेला असलेल्या एखाद्या वस्तीतील घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. एकच मोठी खोली, वर वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद असे पन्हाळी पत्र्यांचे छप्पर. पत्रे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचे आहेत. घरातील गृहिणी त्याच खोलीत शिवणकाम करते आणि तिची वृद्ध सासू दिवसभर त्याच छपराखाली असते. मे महिन्यात दुपारी एकनंतर शिलाई यंत्रावर बसणे अशक्य होते. म्हणून मागच्या उन्हाळ्यात या कुटुंबाने बाजारातून पांढऱ्या रंगाचा डबा आणला व रंगाऱ्याकडून पत्र्यांवर दोन हात मारून घेतले. त्या उन्हाळ्यात खोलीत फरक जाणवला. परंतु पावसाळा संपताच रंगाला फोड आले, दिवाळीपर्यंत त्याचे पापुद्रे सुटले आणि खालून तांबडा गंज पुन्हा डोकावू लागला. रंगही गेला आणि पैसेही गेले.

येथे चूक रंगाची नव्हती. पांढरा लेप पत्र्याला धरून राहतो, गंजाला नव्हे. या एका गोष्टीवरच साऱ्या कामाचे यश अवलंबून असते.

प्रथम पांढरा लेप उष्णता कशी कमी करतो ते पाहू. गंजलेला, काळवंडलेला पत्रा त्यावर पडणाऱ्या उन्हातील बहुतांश उष्णता शोषून घेतो. हवेचे तापमान ४५ अंश असताना असा पत्रा ६५ ते ७० अंशांपर्यंत तापू शकतो. खालच्या माणसाला त्रास होतो तो केवळ गरम हवेचा नव्हे. तापलेला पत्रा चुलीच्या निखाऱ्याप्रमाणे खाली डोक्यावर उष्णता फेकत असतो. स्वच्छ पांढरा लेप आलेल्या उन्हापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग आकाशाकडे परत पाठवतो व जी थोडी उष्णता शोषली जाते तीही सहज बाहेर टाकतो. त्यामुळे पत्रा पुष्कळ कमी तापतो. खोलीत भिंतीवर तापमापक लावला तर फरक दोन ते पाच अंशांचाच दिसेल, पण डोक्यावरची आच ओसरल्यामुळे बसणाऱ्याला त्याहून अधिक सुख वाटते. मात्र हा लाभ मुख्यतः दिवसाचा आहे. तापलेल्या विटांच्या भिंती रात्री जी उष्णता सोडतात, तिच्यावर छपराच्या लेपाचा उपाय चालत नाही.

आता लेप कोणता द्यावा हा प्रश्न येतो. गुजरातमध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्णता कृती आराखडा तयार केला आणि २०१७ साली गरीब वस्त्यांतील छपरांना चुन्याचा पांढरा लेप देण्याचा प्रयोग केला. चुना स्वस्त आहे, घरच्या घरी लावता येतो व ताजा असताना उत्तम परावर्तन करतो. परंतु विटांच्या भिंतीत चुना मुरतो तसा तो गुळगुळीत धातूत मुरत नाही. तो वर चिकटून राहतो व पहिल्या जोरदार पावसात बराचसा धुऊन जातो. म्हणून पत्र्यावरील चुना हा एका उन्हाळ्याचा उपाय समजावा.

चुना लावावयाचा तर कळीचा चुना एक किलोस सुमारे पाच लिटर पाणी या प्रमाणात लोखंडी पिंपात विरवावा. प्लास्टिकची बादली वापरू नये, कारण विरताना चुना उकळतो. डोळ्यांवर चष्मा असावा व मुलांना दूर ठेवावे. थंड झाल्यावर तो जाड कापडातून गाळून घ्यावा आणि त्यात डिंकाचे पाणी किंवा खळ मिसळावी. अनेक रंगारी चुना चिकटून राहावा म्हणून मूठभर मीठ टाकतात. भिंतीसाठी ते चालते, पत्र्यासाठी कदापि चालत नाही. मीठ ओल धरून ठेवते आणि गंज वेगाने वाढवते. नीळ घालण्याचेही कारण नाही. तिने लेप डोळ्यांना शुभ्र दिसतो, पण परावर्तन वाढत नाही.

आणखी एक मर्यादा महत्त्वाची आहे. ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो. जस्ताचा मुलामा असलेल्या धडधाकट पत्र्यावर तो पातळ लावून लवकर वाळू दिला तर फारशी हानी होत नाही, कारण वाळताना हवेतील कर्बवायू शोषून त्याचे निरुपद्रवी चुनखडीत रूपांतर होते. ॲल्युमिनियमला मात्र ओला चुना खातो. म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर, तसेच ज्यांच्यावर ॲल्युमिनियम व जस्त यांचा मिश्र मुलामा असतो अशा पत्र्यांवर चुना लावू नये. पत्रा कोणता आहे हे खरेदीच्या पावतीवरून कळते. लोहचुंबक न चिकटल्यास तो ॲल्युमिनियमचा असू शकतो. करडा, जाड व चुंबक न चिकटणारा सिमेंटचा पत्रा असेल तर तो घासूच नये; जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे घातक तंतू असतात.

चंद्रपूरच्या त्या घराला आता चुन्याने भागणार नाही, कारण गंज सुरू झाला आहे आणि चुना गंज थांबवीत नाही. येथे पत्र्याची तपासणी प्रथम केली पाहिजे. भर दुपारी दार-खिडक्या लावून आत उभे राहावे. छपरात जेथे प्रकाशाचे ठिपके दिसतील तेथे पत्रा आरपार गेला आहे. मग सकाळी वर चढून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गंजलेल्या जागा दाबून पाहाव्यात. टोक आत शिरले तर तो पत्रा रंगवण्यात अर्थ नाही, तो बदलावा. टोक शिरले नाही, केवळ तांबडी पूड निघाली, तर पत्रा वाचवता येतो. पुष्कळदा बोल्टचा गंज पावसाबरोबर खाली ओघळून पत्र्यावर डाग पडलेला असतो. तो ओल्या फडक्याने घासून गेला व खाली करडे जस्त दिसले, तर तेथे गंज नाही. गंज बहुधा दोन पत्र्यांच्या जोडाशी, बोल्टभोवती, पागोळीच्या कडेला आणि वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेल्या विटा-दगडांखाली सापडतो, कारण तेथे ओल साचून राहते.

या घरातील समजा बारा पत्र्यांपैकी एक आरपार गेला आहे व चार पत्र्यांवर गंजाचे पट्टे आहेत. गेलेला पत्रा बदलावा, सैल बोल्ट आवळावेत व वाळून तडकलेले वायसर नवे घालावेत. मागच्या वर्षीच्या रंगाचे सुटे पापुद्रे पट्टीने खरवडून काढावेत. त्याखाली जुना शेंदरी रंग आढळल्यास तो कोरडा घासू नये. पूर्वीच्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसे असे व त्याची धूळ मुलांना फार बाधते. एरवी गंजलेली जागा तारेच्या ब्रशने व नंतर पॉलिश पेपरने, भोवती इंचभर चांगले जस्त दिसेपर्यंत घासावी. नाकावर फडके बांधावे. जेथे जस्त शाबूत आहे तेथे तारेचा ब्रश चालवू नये, कारण त्याने पत्र्याचे उरलेले कवचच निघून जाते.

इतके करूनही खड्ड्यांत घट्ट बसलेला काळपट गंज राहतोच. त्यावर गंजाचे रूपांतर करणारा द्रव कुंचल्याने लावावा. यातील आम्ल जस्तासही खाते, म्हणून तो गंजापुरताच लावावा, साऱ्या पत्र्यावर फासू नये. डब्यावर सांगितलेला वेळ गेल्यावर, तेथे धुण्याची सूचना असेल तर, पाण्याने धुवावे. नंतर संपूर्ण छप्पर साबणाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ पाण्याने खळखळून काढावे व पूर्ण वाळू द्यावे.

उघडे पडलेले लोखंड त्याच दिवशी झाकले गेले पाहिजे. रात्रीचे दव पडले की त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. यासाठी झिंक फॉस्फेटयुक्त प्रायमर योग्य. पाण्यातील पांढरा रंग थेट उघड्या लोखंडावर लावल्यास वाळता वाळताच त्यातून गंजाचे डाग वर येतात. म्हणून प्रायमर टाळता येत नाही. उलट, शाबूत जस्तावर साधा तेली रंग थेट लावला तर तेल व जस्त यांच्या संयोगाने मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि वर्ष-दोन वर्षांत रंग पापुद्र्यासारखा सुटतो. तेथे जस्ताच्या पत्र्यासाठी म्हणून बनवलेलाच प्रायमर वापरावा. नव्या कोऱ्या पत्र्यावर कारखान्यातील तेलाचा हात असतो, तो आधी धुऊन काढावा.

प्रायमर वाळल्यावर छपरासाठी बनवलेल्या पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्यावेत, दुसरा पहिल्याला आडवा. आता हिशोब पाहू. छपराचे माप ३०० चौरस फूट, पण पन्हाळीमुळे रंगवण्याचे क्षेत्र सुमारे एक अष्टमांशाने वाढते. म्हणजे ते ३४० चौरस फुटांच्या आसपास होते. डब्यावर एका लिटरात दोन हातांसाठी ४० चौरस फूट असे लिहिले असेल, तर साडेआठ लिटर रंग लागेल. त्यात पाणी घालून तो पुरवण्याचा मोह टाळावा. पातळ थरातून ऊन आत शिरते व लेप लवकर झिजतो.

या कामाचा योग्य काळ फेब्रुवारी-मार्च हा होय, आणि वेळ दव वाळल्यानंतरच्या सकाळची. तळहात ठेवता येणार नाही इतका पत्रा तापला की काम थांबवावे. तापल्या पत्र्यावर रंग वरून सुकतो व खाली फोड धरतो. वर चालताना पाय बोल्टच्या ओळीवर, म्हणजे खालच्या वाशावर पडला पाहिजे. त्याहून चांगले म्हणजे दोन वाशांवर टेकेल अशी फळी टाकावी. घरावरून जाणारी विजेची तार असल्यास प्रवाह बंद करूनच चढावे.

काम साधले की नाही हे दुपारी दोन वाजता कळते. सारे छप्पर रंगवण्यापूर्वी एकच पत्रा पूर्ण करून, आतून त्याखाली व शेजारच्या पत्र्याखाली हात धरून पाहावा. फरक हातालाच कळतो. पुढे दर वर्षी होळीच्या सुमारास छपरावरील धूळ धुवावी, कारण मळलेला पांढरा रंग उन्हाला पूर्वीइतके परतवीत नाही. त्याच वेळी बोल्टभोवती तांबूस कडी उमटलेली दिसली, तर तेवढीच जागा घासून, प्रायमर देऊन पुन्हा पांढरी करावी. असे अर्ध्या दिवसाचे काम वेळेवर झाले, तर चंद्रपूरच्या त्या गृहिणीला संपूर्ण छपराचा खर्च पुन्हा लवकर करावा लागणार नाही आणि मे महिन्यातही तिचे शिलाई यंत्र दुपारी बंद पडणार नाही.