हिंदी किरायानाम्यातली रक्कम: अंकी आणि अक्षरी

इंदूर, भोपाळ, दिल्ली अशा शहरांत नोकरीला किंवा शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना तिथे पोहोचल्यावर पहिल्या काही दिवसांतच एका कागदावर सही करावी लागते. तो कागद म्हणजे किरायानामा. आपल्याकडच्या भाडेकराराचाच हा हिंदी अवतार. घरमालक असतो ‘प्रथम पक्ष’ आणि भाडेकरू ‘द्वितीय पक्ष’. अनामत रकमेला तिथे ‘धरोहर राशि’ किंवा ‘सुरक्षा निधि’ म्हणतात. हिंदी आपल्याला समजते, त्यामुळे मंडळी कागद भरभर वाचतात आणि सही करतात. अटी बहुतेक वेळा नीट वाचलेल्याही असतात. पण प्रत्येक रकमेपुढच्या कंसात तीच रक्कम अक्षरांत लिहिलेली असते, ती मात्र सहसा कुणी वाचत नाही. डोळे आकड्यावर थांबतात आणि कंस ओलांडून पुढे जातात. आज मी त्या कंसाबद्दल बोलणार आहे.

अंकात एक रक्कम आणि अक्षरात दुसरीच, असं होतं तरी कसं? त्यात लबाडी असतेच असं नाही. कचेरीजवळच्या टंकलेखकाकडे किंवा दलालाकडे किरायानाम्याचा एक जुना मसुदा असतो. नवा भाडेकरू आला की त्यातलं नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, आकडे बदलायचे. आकडा लगेच नजरेत भरतो, म्हणून तो बदलला जातो. कंसातले शब्द आधीच्या भाडेकरूचे तसेच राहतात. दुसरं कारण म्हणजे हिंदीतले संख्यावाचक शब्द एकमेकांच्या फार जवळचे आहेत. एखादं अक्षर इकडेतिकडे झालं की हजारांचा फरक पडतो.

आता एक किरायानामा प्रत्यक्षच वाचू. समजा, नाशिकची एक मुलगी इंदूरमध्ये खोली घेते आहे. तोंडी ठरलेलं असं: भाडं दरमहा साडेपंधरा हजार, अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकी, मुदत अकरा महिने आणि करार पुढे चालू ठेवला तर भाड्यात दहा टक्के वाढ. तिच्या हातात आलेल्या कागदात रकमांच्या ओळी अशा आहेत.

पहिली ओळ: ‘मासिक किराया रुपये १५,५००/- (पंद्रह हजार पाँच सौ रुपये मात्र)’.

दुसरी ओळ: ‘धरोहर राशि, जो दो माह के किराये के बराबर है, रुपये ३१,०००/- (इक्कीस हजार रुपये मात्र)’.

तिसरी ओळ: ‘नवीनीकरण की दशा में किराये में १० प्रतिशत वृद्धि होगी और मासिक किराया रुपये १७,०५०/- (सत्रह हजार पाँच सौ रुपये मात्र) देय होगा’.

ऐकताना तिन्ही ओळी ठीक वाटल्या असतील. प्रत्यक्षात दोन ओळींत चूक आहे. ती पकडायची रीत सोपी आहे, फक्त क्रम पाळायला हवा. आकडा हाताने झाका आणि आधी कंसातले शब्द वाचा. त्या शब्दांवरून रक्कम आपल्या हाताने वेगळ्या कागदावर अंकात लिहा, आणि मगच हात काढून ताडून पाहा. आधी आकडा पाहिला की मन तोच आकडा शब्दांतही वाचतं. सोबत कुणी असेल तर आणखी बरं: एकाने फक्त शब्द मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने फक्त आकड्यांवर बोट ठेवायचं.

आता दुसरी ओळ. ‘इक्कीस हजार’ म्हणजे एकवीस हजार, पण कंसाबाहेर एकतीस हजार आहेत. हिंदीत एकतीसला ‘इकतीस’ म्हणतात. ‘इक्कीस’ आणि ‘इकतीस’ दिसायला बरेचसे सारखे, पण फरक दहा हजारांचा. असे शब्द ओळखायला शेपटाकडे पाहावं. शब्द ‘तीस’वर संपत असेल तर संख्या तिसाच्या घरातली: इकतीस, बत्तीस, पैंतीस, छत्तीस. याला अपवाद एकच, तो म्हणजे ‘उनतीस’. तीसला एक कमी, म्हणजे एकोणतीस. ‘तालीस’वर संपत असेल तर संख्या चाळिसाच्या घरातली. म्हणून ‘अड़तीस’ म्हणजे अडतीस आणि ‘अड़तालीस’ म्हणजे अठ्ठेचाळीस. इथेही ‘उनतालीस’ हा अपवाद, ते एकोणचाळीस. मराठी वाचकाची फसगत होण्यासारख्या आणखी दोन जोड्या सांगतो. ‘सत्रह’ म्हणजे सतरा आणि ‘सत्तर’ म्हणजे सत्तर. ‘उन्यासी’ म्हणजे एकोणऐंशी, तर ‘नवासी’ म्हणजे एकोणनव्वद. ‘नवासी’त ‘उन’ नाही हे पाहिलं की गोंधळ होत नाही.

तिसऱ्या ओळीत शब्द सगळे ओळखीचे आहेत, चूक शून्याच्या जागेत आहे. ‘सत्रह हजार पाँच सौ’ म्हणजे १७,५००. आकडा आहे १७,०५०, आणि तो अक्षरात ‘सत्रह हजार पचास’ असा लिहायला हवा होता. अशा वेळी रक्कम ‘हजार’ या शब्दाशी तोडून वाचावी. हजाराच्या डावीकडे काय आहे ते एकदा पाहावं आणि उजवीकडे काय आहे ते स्वतंत्रपणे पाहावं. आकड्यात स्वल्पविरामाच्या उजवीकडे तीन घरं असतात, शेकडा, दहं आणि एकं. शब्दात ‘सौ’ नसेल तर शेकड्याच्या घरात शून्यच असलं पाहिजे.

आता महत्त्वाचा प्रश्न. दोन रकमा जुळत नाहीत हे कळलं, पण बरोबर कोणती? नुसत्या त्या दोन रकमांकडे कितीही वेळ पाहिलं तरी याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी कागदातलाच तिसरा साक्षीदार शोधावा लागतो. दुसऱ्या ओळीत ‘दो माह के किराये के बराबर’ असं म्हटलं आहे. साडेपंधरा हजारांची दुप्पट एकतीस हजार. म्हणजे आकडा बरोबर आणि शब्द चूक. तिसऱ्या ओळीतला साक्षीदार म्हणजे दहा टक्के. १५,५०० चे दहा टक्के १,५५०. मिळवले की १७,०५० होतात. इथेही आकडा बरोबर, शब्द चूक. उत्तर हिंदुस्तानातल्या जुन्या दस्तांत तर असा साक्षीदार मुद्दामच ठेवायची पद्धत आहे. रकमेच्या पुढे ‘जिसका आधा’ असं म्हणून निम्मी रक्कम लिहितात. जुन्या धाटणीच्या कागदांत त्यासाठी ‘निस्फ’ हा शब्द येतो. तुमच्या किरायानाम्यात अशी निम्मी रक्कम असेल तर तिची दुप्पट करून पाहा.

या चुकांची किंमत किती ते पाहू. घर सोडताना मालकाने कंसावर बोट ठेवलं, तर अनामतीत दहा हजारांचा वाद उभा राहतो. वाढीव भाड्यात दरमहा ४५० रुपयांचा फरक आहे, पुढच्या अकरा महिन्यांचे ४,९५० रुपये झाले. म्हणजे दोन कंसांत मिळून जवळपास एका महिन्याचं भाडं अडकलं आहे.

अनेकांना वाटतं, ‘अक्षरी रक्कम ग्राह्य’ असा कायदाच आहे. तो आहे, पण कशासाठी ते नीट समजून घ्यायला हवं. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या अठराव्या कलमात म्हटलं आहे की अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी रक्कम धरावी. हे कलम धनादेश, वचनचिठ्ठी, हुंडी अशा कागदांसाठी आहे. किरायानामा त्यात बसत नाही. आकड्यात चूक होणं सोपं आणि शब्दात कठीण, म्हणून करारातही शब्दांना वजन देण्याकडे कल असतो हे खरं. पण तिथे सगळा कागद एकत्र वाचून अर्थ लावावा लागतो. आपल्या उदाहरणात तर शब्दच चुकले आहेत.

मग ‘तोंडी काय ठरलं ते सांगू की’ असं म्हणून भागेल का? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात त्र्याण्णवाव्या कलमाखाली एक उदाहरण दिलं होतं. एकाने दुसऱ्याला घोडा ‘हजार किंवा दीड हजार रुपयांना’ विकायचा लेखी करार केला, तर नेमकी किंमत कोणती ठरली होती हे दाखवायला बाहेरचा पुरावा देता येत नाही. आता नवा साक्ष अधिनियम आला आहे आणि हे तत्त्व त्यातही आहे. म्हणजे कागदच आपल्या तोंडाने दोन रकमा सांगत असेल, तर तोंडी खुलाशावर भिस्त ठेवणं धोक्याचं. दोन्ही पक्षांच्या समान चुकीमुळे कागद चुकला असेल, तर तो दुरुस्त करून मागण्याची सोय १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या सव्विसाव्या कलमात आहे. पण त्यासाठी न्यायालयात जावं लागतं. अनामतीच्या दहा हजारांसाठी परगावी दावा कोण चालवणार?

म्हणून दुरुस्ती सहीच्या आधी व्हावी. कागद अजून छापायचा असेल तर ते पान नव्याने छापून घ्या. मुद्रांकावर छापून झाला असेल तर चुकीच्या शब्दांवर एक आडवी रेघ मारा, मूळ शब्द वाचता येतील अशी. वर बरोबर शब्द लिहा आणि शेजारी मालक, भाडेकरू आणि साक्षीदार या सगळ्यांच्या सह्या घ्या. खाडाखोड किंवा पांढरी शाई नको. दोन प्रती असतील तर दोन्हींवर तीच दुरुस्ती हवी. करार आधीच झाला असेल तर दोघांच्या सह्यांचा एक पूरक कागद करून घ्या. त्यात मूळ कराराची तारीख, अटीचा क्रमांक, चुकीचे शब्द आणि बरोबर शब्द असे चारही तपशील असू द्या. मूळ करार नोंदणीकृत असेल तर दुरुस्तीपत्रही नोंदवावं लागतं. अनामत देताना बँकेतून द्या आणि पावतीवर ती रक्कम अंकी व अक्षरी दोन्ही लिहून घ्या.

हाताने भरलेल्या छापील नमुन्यात आणखी एक काळजी घ्या. छापील किरायानाम्यात बहुधा इंग्रजी वळणाचे अंक असतात, पण हाताने भरणारा मध्येच देवनागरी अंक लिहितो. देवनागरी चार घाईत इंग्रजी आठासारखा दिसतो आणि देवनागरी एक इंग्रजी नवासारखा. अशा आकड्याची शंका आली तर कंसातले शब्द नेमके तिथेच उपयोगी पडतात. कंस रिकामा सोडलेला असेल तर आपल्यासमोर भरून घ्या आणि शेवटी ‘मात्र’ लिहायला सांगा.

या पद्धतीची एक मर्यादाही सांगून ठेवतो. अंक आणि अक्षर दोन्ही एकसारखेच चुकले असतील, म्हणजे ठरलं साडेचौदा हजार आणि दोन्हीकडे साडेपंधरा हजार लिहिलं असेल, तर ते जुळवून काहीच सापडणार नाही. त्यावर उपाय एकच. भाडं ठरताच मालकाला हिंदीत एक संदेश पाठवा: भाडं किती, अनामत किती, वाढ किती. त्यांचा होकार येऊ द्या. किरायानामा हातात आला की आधी तो होकार उघडा, कागदातली प्रत्येक रक्कम त्याच्याशी ताडून पाहा, आणि मग पेनाचं टोपण काढा.